ताप परत आला, पण कुठून?

मलेरियाचा ताप उतरून महिना-दोन महिने झाले आणि पुन्हा थंडी वाजून आली, की घरात दोनच शक्यता बोलल्या जातात. एक तर औषध लागू पडलं नाही, नाही तर पुन्हा डास चावला. तिसरी शक्यता सहसा कुणाच्या मनात येत नाही. औषध लागू पडलेलं असतं, नवा डास चावलेला नसतो आणि तरीही ताप आलेला असतो. या तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढायच्या असतील, तर रक्ताच्या तपासणीइतकीच मदत कॅलेंडर करतं. गोळ्यांचा पहिला डोस कोणत्या तारखेला घेतला, जंतू कोणत्या जातीचा होता आणि कोणती गोळी अर्धवट सुटली, एवढं कळलं तर बरीचशी उकल होते.

सोयीसाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. करकंब हे पंढरपूर तालुक्यातलं मोठं गाव. सोलापूर जिल्हा काही मलेरियासाठी प्रसिद्ध नाही; राज्यातला हा आजार मुख्यतः गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात आणि मुंबईच्या बांधकामांवर सापडतो. पण या भागातली पोरं कामाला दोन्हीकडे जातात. समजा, ५ ऑक्टोबरला करकंबच्या ग्रामीण रुग्णालयात एकाच बाकावर दोन तरुण बसले आहेत. दोघांनाही हुडहुडी, ताप, मग दरदरून घाम. पहिला दत्ता. तो मुंबईत एका इमारतीच्या कामावर होता, तिथे त्याला व्हायव्हॅक्स मलेरिया झाला आणि १० ऑगस्टला गोळ्या सुरू झाल्या. गणपतीला तो गावी आला, तो इथेच राहिला. दुसरा सोमनाथ. तो एटापल्लीकडे रस्त्याच्या कामावर जेसीबी चालवायला होता. त्याला फाल्सिपेरम निघाला आणि १० सप्टेंबरला उपचार सुरू झाले. बरं वाटल्यावर तोही गाडी धरून घरी आला. दोघांनीही गोळ्या अर्ध्यावर सोडल्या आहेत. दोघांचाही ताप उलटला आहे. दत्ताच्या पहिल्या डोसापासून आजचा छपन्नावा दिवस आहे, सोमनाथचा पंचविसावा. लक्षणं सारखी असली तरी दोघांचे जंतू शरीरातल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून परतले आहेत.

डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून मूठभर जंतू कातडीत शिरतात आणि रक्तातून थेट यकृतात जातात. तिथे एकेका पेशीत एकेक जंतू शिरतो, आठवडाभर वाढतो आणि हजारोंच्या संख्येने फुटून रक्तात उतरतो. या काळात माणसाला काहीच कळत नाही. पुढे हे जंतू तांबड्या रक्तपेशींत शिरतात. व्हायव्हॅक्स असो वा फाल्सिपेरम, दर ४८ तासांनी पेशी फुटतात आणि नवे जंतू नव्या पेशी शोधतात. थंडी आणि ताप येतो तो या फुटण्यामुळे. म्हणजे मलेरियाचे दोन मुक्काम आहेत: आधी यकृत, नंतर रक्त. आजारपण मात्र फक्त दुसऱ्या मुक्कामात जाणवतं, आणि आपण सहसा उपचारही त्याच मुक्कामाचा करून मोकळे होतो.

फाल्सिपेरमचं यकृतातलं काम एकदाच होतं. सगळे जंतू फुटून रक्तात गेले की यकृत रिकामं होतं. व्हायव्हॅक्सचं तसं नाही. यकृतात शिरलेल्यांपैकी काही जंतू लगेच वाढतात, तर काही एका पेशीत बारीक ठिपक्यासारखे पडून राहतात. त्यांना हिप्नोझोइट म्हणतात. ते आठवडे, महिने, कधी वर्षाच्या आसपास निपचित असतात आणि मग एखादा जागा होऊन वाढतो, फुटतो, रक्तात उतरतो. असा यकृतातून आलेला ताप म्हणजे रिलॅप्स. उपचारानंतरही रक्तातच थोडे जंतू उरले, तेच पुन्हा वाढले आणि ताप आला, तर तो रिक्रुडेसन्स. हे दोन शब्द मराठीत रुळलेले नाहीत. डॉक्टरही ‘पुन्हा झाला’ एवढंच म्हणतात, आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते.

झोपलेल्या जंतूचा शोध तसा अलीकडचा आहे. आधी माकडांच्या मलेरियात यकृतातला मुक्काम सापडला. तो १९४८ साली हेन्री शॉर्ट आणि सिरिल गार्नहॅम यांनी लंडनमध्ये दाखवला. यातल्या शॉर्टसाहेबांची बरीच नोकरी हिंदुस्थानात झाली होती. पण ताप महिन्यांनी का परततो, याचं उत्तर त्यातून पूर्ण मिळालं नाही. वोइचेक क्रोटोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० ते १९८२ या वर्षांत यकृतातले ते निपचित ठिपके प्रत्यक्ष दाखवले. रिलॅप्सवरची गोळी मात्र त्याच्या तीस वर्षं आधीपासून वापरात होती. १९५१-५२ मध्ये कोरियाहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना बोटीवरच रोज १५ मिलिग्रॅम प्रायमाक्विन १४ दिवस दिलं जायचं. कारण कोरियात उन्हाळ्यात डास चावलेले सैनिक घरी परतल्यावर पुढच्या वसंतात आजारी पडायचे. आपल्याकडच्या चौदा दिवसांच्या प्रायमाक्विनच्या कोर्सचा वारसा तिथपर्यंत जातो.

आता दत्ताकडे येऊ. व्हायव्हॅक्ससाठी राष्ट्रीय कार्यक्रमातला उपचार असा: क्लोरोक्विन तीन दिवस, प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या. सोबत प्रायमाक्विन रोज १५ मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, सलग १४ दिवस. आरोग्य खात्यात याला ‘समूळ उपचार’ म्हणतात. दोन औषधांची कामं वेगळी आहेत. क्लोरोक्विन रक्तातले जंतू मारतं. यकृतातल्या झोपलेल्यांना ते हातही लावत नाही. त्यांना मारण्याचं काम प्रायमाक्विनचं. उसाच्या फडातला लव्हाळा खुरप्याने काढला की वरून रान स्वच्छ दिसतं, पण मातीतल्या गाठी तशाच राहतात. क्लोरोक्विनने ताप उतरल्यावर यकृताची अवस्था तशी असते.

दत्ताने क्लोरोक्विन तिन्ही दिवस घेतलं. तिसऱ्या दिवसापासून ताप गेला, पाचव्या दिवशी तो कामावर हजर झाला आणि प्रायमाक्विनच्या चार दिवसांच्या गोळ्या घेऊन उरलेल्या तशाच ठेवल्या. चौदा दिवसांत २१० मिलिग्रॅम पोटात जायला हवं होतं, गेलं ६०. प्रायमाक्विनमध्ये महत्त्व एकूण मात्रेला असतं. ती ठरावीक हद्दीपर्यंत पोचली नाही तर झोपलेले जंतू मरत नाहीत, किंवा थोडे मरून बाकीचे उरतात. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी हे रुग्णांवर तपासून पाहिलं होतं. एके काळी आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात प्रायमाक्विन पाचच दिवस दिलं जायचं. या अभ्यासात पाच दिवसांच्या कोर्सने रिलॅप्स थांबले नाहीत, चौदा दिवसांच्या कोर्सने थांबले. पुढे कार्यक्रमातही चौदा दिवसच आले. दत्ताने घेतलेले चार दिवस तर त्या जुन्या पाचांनाही कमी पडतात.

मग ताप छपन्नाव्या दिवशीच का आला? तिसाव्या दिवशी का नाही? आपल्याकडच्या आणि एकूण उष्ण प्रदेशातल्या व्हायव्हॅक्सचे बरेच जंतू साधारण दर तीन आठवड्यांनी जागे होण्याच्या बेतात असतात. क्विनाइनसारखं पटकन शरीराबाहेर जाणारं औषध दिलं, तर पहिला रिलॅप्स तीन आठवड्यांच्या आसपास दिसतो. दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीतल्या एका अमेरिकन सैनिकाच्या रक्तातून घेतलेल्या चेसन नावाच्या वाणावर हे बारकाईने पाहिलं गेलं. क्लोरोक्विन मात्र शरीरातून फार सावकाश जातं. साधारण महिनाभर, कधी त्याहून थोडं अधिक, रक्तात त्याचं प्रमाण जंतू मारण्याइतकं राहतं. त्यामुळे दत्ताच्या यकृतातून २०-२२ दिवसांच्या सुमारास जे जंतू बाहेर आले असतील, ते रक्तात उतरताच मेले. त्याला त्याचा पत्ताही लागला नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत क्लोरोक्विन ओसरलं. त्यानंतर जागे झालेल्या खेपेला रक्तात अडवणारं कुणी नव्हतं. थोड्या फेऱ्या करून संख्या वाढली आणि ताप आला. म्हणून क्लोरोक्विननंतरचा पहिला रिलॅप्स बहुधा पाच ते आठ आठवड्यांत दिसतो. दत्ताचा छपन्नावा दिवस त्यात अचूक बसतो.

सगळेच रिलॅप्स इतके लवकर येत नाहीत. थंड प्रदेशातल्या व्हायव्हॅक्सचा पहिला रिलॅप्स आठ-दहा महिन्यांनी येतो. तिथे हिवाळ्यात डास नसतात. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत दम धरणाऱ्या जंतूलाच पुढची पिढी मिळते. भारतात दोन्ही तऱ्हा सापडतात. दिल्लीत केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना काही आठवड्यांत, तर काहींना अनेक महिन्यांनी ताप परतल्याची नोंद आहे. तेव्हा दत्ताला ऑक्टोबरात काही झालं नसतं आणि एप्रिलच्या उन्हात अचानक हुडहुडी भरली असती, तरी तो रिलॅप्सच असण्याची शक्यता मोठी होती. किती जणांना रिलॅप्स होतो, हे मात्र गावोगावी आणि वर्षावर्षाला बदलतं. प्रायमाक्विन न घेताही पुष्कळ जणांना तो होत नाही. ‘मी तर नुसत्या तीन दिवसांत बरा झालो’ असं सांगणारा एखादा भेटतो आणि त्याचं ऐकून दुसराही गोळ्या सोडतो, ते यामुळेच.

आता समजा, दत्ताने उलट केलं असतं. पहिल्या दिवशी क्लोरोक्विनच्या चार गोळ्या घेतल्या, संध्याकाळी ताप उतरला आणि उरलेल्या सहा खिशातच राहिल्या. मग ताप ५ ऑक्टोबरपर्यंत थांबला नसता. रक्तातले जंतू पूर्ण मेले नसते आणि २४ ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे चौदाव्या दिवशी, पुन्हा थंडी वाजली असती. हा व्हायव्हॅक्सचा रिक्रुडेसन्स. व्हायव्हॅक्स म्हटलं की सगळे रिलॅप्सच धरतात, ते त्यामुळे चुकीचं. जाणकारांचा ठोकताळा असा आहे: क्लोरोक्विन सुरू केल्यापासून १६ दिवसांच्या आत व्हायव्हॅक्स परतला, तर तो जवळजवळ नक्की रक्तातलाच. १७ ते २८ दिवसांत परतला, तर तो रक्तातला असेल किंवा यकृतातला, पण क्लोरोक्विन पुरेसं असूनही आला असेल तर औषधालाच दाद न देणारा जंतू असल्याची शंका घ्यावी लागते. २८ दिवसांनंतर परतला, तर बहुधा रिलॅप्स, आणि क्लोरोक्विन अजून उपयोगी आहे असं समजायला हरकत नाही. या हद्दींच्या मधोमध काही रुग्ण घुटमळतातच. पण चौदा आणि छपन्न या दिवसांच्या बाबतीत शंकेला फारशी जागा उरत नाही.

सोमनाथचा हिशेब अगदी वेगळा आहे. फाल्सिपेरमला यकृतात झोपणारा जंतूच नसतो. त्यामुळे त्याचा ताप परतला तर दोनच वाटा: उरलेले रक्तातले जंतू, किंवा नवा डास. प्रौढ माणसासाठी महाराष्ट्रात तीन दिवसांचं पांढरं पाकीट मिळतं. लहानांची पाकिटं वयानुसार गुलाबी, पिवळी, हिरवी आणि लाल रंगांची असतात. पहिल्या दिवशी आर्टेसुनेट आणि सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नुसतं आर्टेसुनेट. दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एकच डोस असतो. तो दत्तासारखा रिलॅप्स टाळण्यासाठी नसतो. रक्तातून डासाकडे जाणारी जंतूंची अवस्था मारण्यासाठी असतो.

हे तीन दिवस का, याचं गणित बघण्यासारखं आहे. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटर रक्त धरलं तर ते पन्नास लाख मायक्रोलिटर होतं. स्लाइडवर दर मायक्रोलिटरला दोन हजार जंतू दिसले, तर एकूण जंतू होतात एक हजार कोटी. आर्टेसुनेट फार झपाट्याने मारतं. जंतूच्या एका ४८ तासांच्या फेरीत संख्या दहा हजार पटींनी खाली आणतं. म्हणजे एका फेरीनंतर हजार कोटींचे उरतात दहा लाख. तीन दिवसांत दुसऱ्या फेरीलाही औषध लागतं आणि उरतात शंभरच्या आसपास. हे शंभर जंतू दुसऱ्या, जास्त काळ टिकणाऱ्या औषधाने संपवायचे असतात. तीन दिवसांचं पाकीट अशा हिशेबाने बसवलेलं आहे. आर्टेसुनेट एकट्याने द्यायचं नाही, तेही यासाठीच. ते काही तासांत रक्तातून नाहीसं होतं.

सोमनाथने पहिल्या दिवशीचा डोस घेतला, दुसऱ्या दिवशीचा घेतला आणि ताप पूर्ण उतरल्यावर तिसरा घेतलाच नाही. ढोबळमानाने त्याच्या रक्तात दहा लाख जंतू उरले असं धरू. सूक्ष्मदर्शकात चांगल्या तंत्रज्ञालासुद्धा दर मायक्रोलिटरला पन्नासच्या खालचे जंतू सापडणं कठीण, आणि सगळ्या रक्तात मोजले तर हा आकडा पंचवीस कोटी होतो. दहा लाख ही त्याच्या कितीतरी खालची संख्या. त्यामुळे त्या दिवशी स्लाइड निगेटिव्ह आली असती, ताप नव्हता आणि सोमनाथला ठणठणीत बरं वाटत होतं. आजार गेला असं वाटायला सगळा पुरावा होता.

पुढे काय होतं ते सोबतच्या औषधावर ठरतं. सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन रक्तात दिवसेंदिवस राहतं. जंतू त्याला बळी पडणारा असेल तर उरलेले दहा लाखही संपू शकतात, आणि डोस चुकवूनही माणूस वाचतो. जंतूने त्या औषधाविरुद्ध थोडी ताकद कमावलेली असेल, तर संख्या हळू उतरते, मग थांबते, मग औषध ओसरलं की वाढू लागते. अडवणारं काही नसेल तर दर दोन दिवसांनी संख्या दहापट होऊ शकते: दहा लाखांचे एक कोटी, दहा कोटी, शंभर कोटी. शंभर कोटी म्हणजे दर मायक्रोलिटरला दोनशे, आणि सोमनाथसारख्या कधीच मलेरिया न झालेल्या माणसाला तेवढ्यात ताप भरतो. औषधाचा अंमल नसता तर त्याला हे आठवड्यातच झालं असतं. अंमल होता म्हणून पंचवीस दिवस लागले. शंभरच जंतू उरले असते तरी अडथळ्याशिवाय शंभर कोटींपर्यंत जायला सात फेऱ्या, म्हणजे चौदा दिवस पुरतात. औषधाने खोडा घातला तर त्याचे तीन-चार आठवडे होतात. म्हणून फाल्सिपेरमचा रिक्रुडेसन्स बहुधा दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या आठवड्यापर्यंत दिसतो. औषधांची परिणामकारकता तपासताना रुग्णाला किमान २८ दिवस, आणि जास्त टिकणारं औषध असेल तर ४२ दिवस नजरेखाली ठेवतात, ते या हिशेबाने.

याला एक मर्यादा आहे. ज्यांना लहानपणापासून पुन्हापुन्हा मलेरिया होत आला आहे, त्यांच्या रक्तात फाल्सिपेरम कमी संख्येने काही महिने ताप न आणता राहू शकतो. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावकऱ्याच्या बाबतीत वरचं वेळापत्रक सैल होतं. करकंबहून गेलेल्या जेसीबीवाल्याच्या बाबतीत ते बऱ्यापैकी घट्ट बसतं.

दोघांना आज काय द्यायचं, हेही यावरून ठरतं. दत्ताला पुन्हा क्लोरोक्विन आणि पुन्हा पहिल्या दिवसापासून चौदा दिवस प्रायमाक्विन. घरी उरलेल्या दहा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करून कोर्स भरून निघत नाही. सोमनाथच्या बाबतीत तेच पाकीट पुन्हा फोडणं चुकीचं ठरेल. महिन्याच्या आत परतलेला फाल्सिपेरम हा उपचार फसल्याचा प्रकार धरला जातो आणि दुसरं संयुक्त औषध, किंवा क्विनाइनसोबत डॉक्सिसायक्लिन, असा बदल डॉक्टर करतात. शिवाय सोमनाथला आज बाकावर फार वेळ बसवून ठेवण्यात धोका आहे. फाल्सिपेरम मेंदू, मूत्रपिंड आणि फुप्फुसांवर जाऊ शकतो. बडबड, झटके, सतत उलट्या, लघवी कमी होणं यातलं काहीही दिसलं, तर गोळ्यांचा विचार सोडून इंजेक्शनच्या उपचारासाठी भरती करावं लागतं. दत्ताचा आजार त्रासदायक आहे. सोमनाथचा जिवावर बेतू शकतो.

निदानातला एक सापळा इथे सांगायला हवा, कारण तो आजकाल रोजचा झाला आहे. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पंधरा-वीस मिनिटांत रेघ दाखवणारं किट आशाताईंकडेही असतं. फाल्सिपेरमसाठी ते जंतूने रक्तात सोडलेलं एक प्रथिन शोधतं. जंतू मेल्यावरही ते प्रथिन दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त, रक्तात रेंगाळतं. त्यामुळे सोमनाथने तीनही दिवस गोळ्या घेतल्या असत्या, तो पूर्ण बरा असता आणि आजचा ताप साध्या विषाणूचा असता, तरी किटवर फाल्सिपेरमची रेघ उमटू शकली असती. म्हणून महिन्याभराच्या आत परतलेल्या तापात किटवर विसंबायचं नसतं. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकातच बघायचं. तिथेही डोळा तयार हवा. उपचारानंतर काही आठवडे केळ्याच्या आकाराचे लांबट जंतू दिसू शकतात. ते डासाकडे जाणारे असतात, ताप त्यांच्यामुळे येत नाही. एकट्या त्यांच्यावरून औषध फसलं असं म्हणता येत नाही. अंगठीसारखे कोवळे जंतू दिसले, तर मात्र आजार परतला आहे.

आणखी एक पेच क्वचित दिसतो. सोमनाथला डास चावले तिथे दोन्ही जाती होत्या. समजा त्याच्या अंगात व्हायव्हॅक्सचे झोपलेले जंतूही आहेत. फाल्सिपेरम पूर्ण बरा होतो आणि महिन्या-दोन महिन्यांत व्हायव्हॅक्स उठतो. थायलंड-म्यानमारच्या सीमेवर हे इतकं वारंवार दिसलं, की फाल्सिपेरमचा तापच झोपलेल्यांना जागं करतो की काय, असा अंदाज संशोधकांनी मांडला. रुग्ण मात्र म्हणतो, ‘तोच मलेरिया परत झाला.’ दोन्ही वेळच्या कागदांवर जंतूची जात लिहिलेली असेल, तर हा गैरसमज मिनिटात सुटतो.

नव्या डासाची शक्यता नाकारायची कशी? प्रयोगशाळेत फाल्सिपेरमच्या आधीच्या आणि नंतरच्या जंतूंची जनुकं जुळवून बघतात. जुळली तर उरलेला, नाही जुळली तर नवा. व्हायव्हॅक्सला हा उपाय पुरत नाही. एकाच माणसाच्या यकृतात वेगवेगळ्या वेळी चावलेल्या डासांनी सोडलेले वेगवेगळे जंतू झोपलेले असू शकतात, आणि रिलॅप्समध्ये पहिल्यापेक्षा निराळाच उठू शकतो. करकंबसारख्या ठिकाणी मात्र साध्या चौकशीने बरंच काम होतं. गावात दुसरा कुणी मलेरियाचा रुग्ण नाही, दत्ता गणपतीपासून गाव सोडून गेला नाही, आणि त्याला मुंबईत व्हायव्हॅक्स झाला होता. एवढ्यावर कोणताही जाणकार रिलॅप्स म्हणेल. हाच ताप मार्चमध्ये, डास कमी असताना आला असता, तर शंका आणखी कमी झाली असती.

यात खात्याचंही काम अडकलेलं आहे. भारताने २०३० पर्यंत मलेरिया हटवायचं ठरवलं आहे, आणि आता प्रत्येक रुग्ण कुठून आला याची नोंद होते. दत्ताची नोंद ‘गावातच लागण’ अशी झाली, तर फवारणीचं पथक करकंबच्या घराघरांत फिरेल आणि मुंबईतलं ते बांधकाम तसंच राहील. रिलॅप्स अशी झाली, तर चौकशी त्याच्या गोळ्यांकडे जाईल. शेजारी-पाजारी रक्त तपासून बघणं दोन्हीकडे लागतंच, कारण ताप आल्यापासून दत्ता स्वतः डासांना जंतू देऊ शकतो.

प्रायमाक्विनबद्दल शेवटचं. ते सगळ्यांना चालत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला आणि गरोदर बाईला देत नाहीत. जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्या रक्तात कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. गोळ्या चालू असताना लघवी गडद, काळपट तांबडी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा दम लागू लागला, तर गोळी तिथेच थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. अशा माणसाने स्वतःच्या मनाने कोर्स पुरा करू नये. रिकाम्या पोटी घेतल्यावर पोटात कळ येते म्हणून गोळी सोडणारे याहून कितीतरी जास्त असतात. त्यांनी जेवणानंतर घेतली तर बहुतेक वेळा भागतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर तो डोस पुन्हा घ्यावा लागतो.

बाहेरगावी मलेरिया झाला असेल, तर केसपेपर फेकू नका. त्यावर जंतूची जात, पहिल्या डोसाची तारीख आणि किती दिवस कोणती गोळी घेतली, एवढं लिहून घ्या. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला, तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा आणि रक्त तपासल्याशिवाय घरातल्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.